एका फोटोवरून दहापैकी किती? सौंदर्याच्या गुणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो चढवा आणि दहापैकी गुण घ्या, हा खेळ नवा नाही. अमेरिकेत २००० साली ‘हॉट ऑर नॉट’ नावाची वेबसाइट निघाली. तिथे अनोळखी लोक एकमेकांच्या फोटोंना एक ते दहा गुण देत. आता तेच काम फोनमधलं ॲप दोन सेकंदांत करतं आणि आकडा दशांशात देतं, त्यामुळे तो थर्मामीटरवर वाचल्यासारखा वाटतो. खालचे प्रश्न त्या आकड्याबद्दलचे आहेत.

मला ६.४ मिळाले. म्हणजे मी दहापैकी ६.४ दिसते का?

नाही. तुमच्या त्या एका फोटोला ६.४ मिळाले आहेत. त्याच दिवशी, त्याच कपड्यांत, खिडकीपासून चार पावलं सरकून काढलेल्या दुसऱ्या फोटोला ५ मिळू शकतात आणि तिसऱ्याला साडेसात. तिन्ही वेळा चेहरा तुमचाच असतो, तरी तिन्ही आकडे आपापल्या फोटोपुरते बरोबर असू शकतात. घोळ होतो तो फोटोचा गुण माणसाच्या नावावर लिहिला की.

एकाच माणसाच्या फोटोंत खरंच इतका फरक पडतो? शेवटी चेहरा तोच ना?

ओळखीच्या माणसाचा चेहरा आपल्याला तोच वाटतो, कारण तो आपण शेकडो वेळा पाहिलेला असतो. मेंदू फोटोतल्या सावल्या, कोन, हावभाव बाजूला सारतो आणि ‘हा तर आपला मन्या’ म्हणून मोकळा होतो. अनोळखी माणसाच्या बाबतीत ही सोय नसते.

हे दाखवणारा एक सुंदर प्रयोग रॉब जेन्किन्स, डेव्हिड व्हाइट, माइक बर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. त्यांनी ब्रिटनमधल्या लोकांच्या हातात चेहऱ्यांचे ४० फोटो दिले आणि सांगितलं, एका माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात ठेवा. किती माणसं आहेत ते सांगितलं नाही. लोकांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. प्रत्यक्षात माणसं दोनच होती, नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध व्यक्ती, प्रत्येकीचे २० फोटो. बरोबर उत्तर ब्रिटनमधल्या एकालाही आलं नाही. तेच फोटो डच लोकांना दिले तर बहुतेकांनी सहज दोन गठ्ठे करून ठेवले, कारण ते चेहरे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते.

म्हणजे फोटो फोटोमधला फरक इतका असतो की अनोळखी नजरेला ती माणसंच वेगळी वाटतात. आणि गुण देणारा नेहमी अनोळखीच असतो.

याच शोधनिबंधात आकर्षकपणाचे गुणही घेतले होते. एकाच व्यक्तीच्या वेगवेगळ्या फोटोंना मिळालेल्या गुणांतली तफावत ही वेगवेगळ्या व्यक्तींमधल्या तफावतीपेक्षा मोठी निघाली. पुढे २०१४ साली अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि जेनी पोर्टर यांनी फक्त सौंदर्य नाही, तर विश्वासूपणा, हुशारी, मनमिळाऊपणा अशा पहिल्याच नजरेत होणाऱ्या समजांबद्दलही तसंच दाखवलं. फोटो बदलला की माणसाबद्दलचं मत बदलतं, आणि फोटो मुद्दाम निवडून हवं ते मत पाहणाऱ्याच्या मनात घडवताही येतं.

आकड्यांत मांडून दाखवा ना.

दाखवतो. खालचे आकडे मी समजण्यासाठी रचलेले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. मीरा, सायली आणि तन्वी या तिघींचे चार-चार फोटो आहेत असं धरा. प्रत्येक फोटोला ५० जणांनी दहापैकी गुण दिले आणि त्यांची सरासरी अशी आली:

| | फोटो १ | फोटो २ | फोटो ३ | फोटो ४ | चारांची सरासरी |
|---|---|---|---|---|---|
| मीरा | ४.१ | ५.६ | ६.३ | ५.२ | ५.३ |
| सायली | ५.० | ६.८ | ४.७ | ५.९ | ५.६ |
| तन्वी | ६.६ | ४.४ | ५.७ | ६.५ | ५.८ |

शेवटच्या रकान्यात तिघींमधलं अंतर अर्ध्या गुणाचं आहे. पण आडव्या ओळीत पाहिलं तर प्रत्येकीच्या स्वतःच्याच चांगल्या आणि वाईट फोटोत दोन गुणांहून जास्त फरक आहे.

आता समजा कुणी प्रत्येकीचा एकच फोटो उचलला, कुठलाही. सायलीचे चार आणि तन्वीचे चार म्हणजे १६ जोड्या होतात. मोजून पाहा. त्यांतल्या आठ जोड्यांत सायली पुढे आहे, आठांत तन्वी. सरासरीत तन्वी वरचढ असूनही एका फोटोवर निकाल लावायचा तर नाणं उडवलं तरी चाललं असतं. मीरा आणि तन्वीमधलं अंतर सगळ्यांत मोठं आहे, तरी तिथेही १६ पैकी चार वेळा मीराच जिंकते.

आणि इथे फोटो निदान चिठ्ठी काढल्यासारखा उचलला आहे. प्रत्यक्षात मीराने आपला तिसरा फोटो लावलेला असतो आणि तन्वीचा दुसरा फोटो कुणीतरी लग्नातल्या पंगतीत काढलेला असतो.

पण माझ्या फोटोला तब्बल हजार जणांनी गुण दिलेत. मग तरी आकडा पक्का ना?

त्या फोटोपुरता पक्का. माणसापुरता नाही. सगळा गुंता या एका जागी आहे आणि हुशार माणसंही इथेच चुकतात, म्हणून जरा थांबून बघू.

गुण देणाऱ्यांमध्ये आवडीनिवडीचा फरक असतो. कुणी ४ देतो, कुणी ८. एकेकाचे गुण सरासरीपासून साधारण दोन गुण इकडेतिकडे पडतात असं धरलं, तर ५० जणांच्या सरासरीत सुमारे ०.२८ गुणाची चूक उरते. हजार जण घेतले तर ती ०.०६ वर येते. संख्येचं वर्गमूळ काढून भागायचं, एवढंच गणित आहे. म्हणून लोक वाढवत गेलं की आकडा स्थिर होत जातो आणि विश्वास बसायला लागतो.

पण वरच्या तक्त्यात मीराचे फोटो तिच्या स्वतःच्या सरासरीपासून साधारण ०.९ गुणाने इकडेतिकडे आहेत. फोटो एकच असेल तर ही ०.९ ची चूक पहिल्या माणसाच्या वेळी जेवढी असते तेवढीच हजाराव्या माणसाच्या वेळीही असते. हजार जणांनी तोच फोटो पाहिलेला असतो ना! स्वयंपाकात मीठ जास्त पडलंय आणि तीच आमटी हजार जणांना वाढली, तर ‘खारट आहे’ हे मत पक्कं होतं. त्या बाईंना स्वयंपाक येतो की नाही, हे त्यातून कळत नाही.

ती चूक कमी करायची तर फोटो वाढवावे लागतात. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या माणसांनी काढलेले दहा फोटो घेतले तर ०.९ ची चूक ०.३ च्या आसपास येते. एकाच बैठकीत सटासट काढलेले दहा नाहीत, त्यांत उजेड, केस, थकवा सगळं सारखंच असतं आणि दहांची किंमत जेमतेम दीड-दोन फोटोंएवढी होते. पन्नास जण आणि दहा फोटो हा हिशोब, हजार जण आणि एक फोटो या हिशोबापेक्षा कितीतरी चांगला. गुण देणाऱ्या सोयी मात्र नेमक्या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

फोटोत असं बदलतं तरी काय?

बरंच काही, पण सगळ्यांत कमी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याचं अंतर. तिच्यापासूनच सुरुवात करू.

सेल्फी काढताना फोन नाकाच्या शेंड्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर असतो. कान नाकाच्या शेंड्याच्या मागे सुमारे १२ सेंटिमीटर असतात असं धरा, म्हणजे कॅमेऱ्यापासून ४२ वर. जवळची वस्तू मोठी दिसते, आणि ती अंतराच्या प्रमाणात मोठी दिसते. ४२ भागिले ३० म्हणजे १.४. कानांच्या तुलनेत नाक ४० टक्के जास्त मोठं होऊन उमटतं. आता कुणाला तरी दीड मीटरवर उभं करून तोच फोटो काढा. १६२ भागिले १५० म्हणजे १.०८, फक्त ८ टक्के. नाक तेच, पण दोन फोटोंतल्या प्रमाणात जवळजवळ ३० टक्क्यांचा फरक पडला.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन बोरिस पास्खोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेहऱ्याचं गणिती मॉडेल करून हेच तपासलं आणि २०१८ साली प्रसिद्ध केलं. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत चेहऱ्याच्या रुंदीच्या मानाने नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. सेल्फीतलं नाक बघून ते लहान करायला लोक दवाखान्यात येत होते, त्या अनुभवातून हा अभ्यास झाला होता.

त्याआधी, २०१२ साली, ब्रायन, पेरोना आणि अडॉल्फ्स यांनी त्याच माणसांचे ४५ आणि १३५ सेंटिमीटरवरून फोटो काढून लोकांना दाखवले. जवळून काढलेल्या फोटोंतली माणसं कमी आकर्षक, कमी विश्वासू आणि कमी सक्षम वाटली. पाहणाऱ्यांना अंतराचा फरक सांगितलेला नव्हता.

लोक याचा दोष लेन्सला देतात. ‘फ्रंट कॅमेऱ्याची लेन्स वाइड आहे म्हणून नाक मोठं दिसतं’ हे अर्धवट खरं आहे. वाइड लेन्समुळे चेहरा चौकटीत भरायला फोन जवळ आणावा लागतो, आणि प्रमाण बिघडतं ते त्या जवळ येण्यामुळे. (चौकटीच्या अगदी कडेला चेहरा ओढला जातो तो प्रकार वेगळा, तो लेन्सचाच.) खात्री करायची असेल तर तोच फ्रंट कॅमेरा दीड मीटरवर टेकवून टायमर लावा आणि फोटो नंतर कापून मोठा करा. पिक्सेल कमी होतील, पण नाक जागेवर येईल.

दुसरी गोष्ट उजेड. भर दुपारी डोक्यावरचं ऊन असेल तर भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची ओठांवर पडते. डोळ्यांखाली काळं दिसतं आणि चेहरा थकलेला वाटतो. सरकारी कार्यालयात ट्यूबलाइटखाली काढलेल्या ओळखपत्राच्या फोटोत आपण सगळे जे दिसतो ते बरंचसं याच कारणाने. खिडकीसमोर, पडद्यातून आलेल्या उजेडात तोच चेहरा भरलेला, तुकतुकीत दिसतो.

तिसरी गोष्ट क्षण. बोलता-हसताना चेहरा एका सेकंदात कितीतरी आकार घेतो. त्यातला एक क्षण कापून काढला तर तो बहुतेक वेळा दोन हावभावांच्या मधला असतो, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठ कुठल्यातरी अक्षरावर अडलेले. समोरासमोर ते क्षण आपल्याला दिसतही नाहीत. २०१२ साली रॉबर्ट पोस्ट, डेव्हिड व्हिटनी आणि इतरांनी हे मोजलं. लोकांना एकाच व्हिडिओची हलती क्लिप दाखवली आणि तिच्यातलीच सुटी चित्रंही दाखवली. तोच चेहरा हलताना जास्त देखणा ठरला आणि गोठवल्यावर कमी. या परिणामाला ‘गोठलेला चेहरा’ असंच नाव पडलं आहे.

त्यात हल्ली फोनची स्वतःची ढवळाढवळ असते. पुष्कळ फोनांत त्वचा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड आधीपासूनच चालू असतो. तेव्हा दोन वेगळ्या फोनांवरच्या फोटोंची तुलना करताना आपण अर्धवट त्या दोन कंपन्यांच्या आवडीची तुलना करत असतो.

आरशात मी बरी दिसते, फोटोत नाही. खरी कोणती?

दोन्ही, पण आरशातली तुमच्या सवयीची. कुठलाच चेहरा डावी-उजवीकडे अगदी सारखा नसतो, आणि स्वतःचा चेहरा आपण जन्मभर उलटाच पाहिलेला असतो. भांग डावीकडे, तीळ त्या गालावर. फोटोत ते सगळं बाजू बदलतं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. १९७७ साली मीटा, डर्मर आणि नाइट यांनी विद्यार्थिनींना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सुलट आणि एक आरशातल्यासारखा उलट. त्यांची स्वतःची पसंती उलट फोटोकडे झुकली आणि त्यांच्या जवळच्यांची सुलट फोटोकडे. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला आवडलं.

शिवाय आरशात तुम्ही हलत असता, मान वळवून सगळ्यांत चांगल्या कोनावर नकळत थांबता. फोटो ही संधी देत नाही.

पण सुंदर कोण यावर लोकांचं बरंचसं एकमत असतंच की!

असतं, पण ऐकीव आकड्यांवरून वाटतं तेवढं नाही. ज्युडिथ लँगलॉइस आणि सहकाऱ्यांनी २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून लोकांच्या गुणांमध्ये खूप मोठी सुसंगती असल्याचं दाखवलं, संस्कृती वेगळ्या असल्या तरीही. ० म्हणजे काहीच मेळ नाही आणि १ म्हणजे पूर्ण मेळ अशा मापावर ०.९ च्या आसपासचे आकडे त्यातून आले आणि ‘सौंदर्य पाहणाऱ्याच्या नजरेत नसतं’ असा मथळा तयार झाला.

तो आकडा मात्र गटांच्या सरासरीचा असतो. त्यात थोडी गणिताची जादू आहे. समजा दोन सुट्या माणसांच्या आवडीतला सहसंबंध फक्त ०.३ आहे, म्हणजे बरंचसं जमत नाही. आता वीस-वीस जणांचे दोन गट करा आणि त्यांच्या सरासरी ताडून पाहा. सूत्र असं: (२० × ०.३) ÷ (१ + १९ × ०.३), म्हणजे ६ ÷ ६.७, जवळजवळ ०.९. प्रत्येकाची खासगी आवड सरासरीत एकमेकींना खोडून टाकते आणि सामायिक आवड तेवढी वर राहते. दोन गट जुळले म्हणून दोन माणसं जुळतीलच असं नाही.

हा हिशोब योहानेस ह्योनेकोप्प यांनी २००६ साली नीट वेगळा काढला. एकाच माणसाला तेच चेहरे पुन्हा दाखवून त्याची स्वतःची ठाम आवड किती आणि सगळ्यांशी जुळणारी किती हे त्यांनी पाहिलं. वाटणी साधारण निम्मी-निम्मी निघाली. मग ही खासगी आवड येते कुठून? लॉरा जर्मिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली शेकडो जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. एकसारखी जनुकं असलेल्या जुळ्यांच्या आवडीतही खूप फरक होता. एकाच घरात वाढूनही ते वेगळे निघाले, म्हणजे ज्याच्या त्याच्या आयुष्यात कोणते चेहरे येतात यावर बरंच अवलंबून आहे.

तेव्हा ६.४ मध्ये ‘लोकांना काय आवडतं’ हे असतं, पण त्यातल्या कुठल्याही एकाला काय आवडेल हे फारसं नसतं. सरासरी ६.४ असलेला फोटो सगळ्यांनी ६ आणि ७ देऊनही होतो, आणि काहींनी ९ व काहींनी ३ देऊनही. स्वतःच्या आयुष्यासाठी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फोटो कोणत्या क्रमाने दिसला यानेही फरक पडतो का?

पडतो. सिडनीतल्या जेसिका टाउबर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली डेटिंग ॲपसारखी मांडणी करून चेहरे क्षणभर दाखवले. आधीचा चेहरा आकर्षक ठरला असेल तर पुढचाही आकर्षक ठरण्याची शक्यता वाढली. कांदेपोहे कार्यक्रमातल्या जुन्या समजाच्या हे उलट आहे. ‘देखण्या बहिणीला पुढे बसवू नका’ म्हणतात, म्हणजे तुलनेत दुसरी उणी वाटते असं धरतात. तुलनेचा तो परिणामही काही मांडण्यांत आढळलेला आहे. कुठला वरचढ ठरेल हे चेहरे किती वेळ आणि कसे दिसतात यावर ठरतं. कुठल्याही बाजूने घ्या, शेजारच्या फोटोचा थोडासा रंग तुमच्या आकड्याला लागतो.

संशोधकही एका माणसाचा एकच फोटो वापरतात. त्यांचं चालतं, मग आमचं का नाही?

कारण ते फोटोतला फरक आधीच मारून टाकतात. शिकागो फेस डेटाबेस हा २०१५ चा प्रसिद्ध संग्रह घ्या. सगळ्यांना सारखा राखाडी टी-शर्ट, सारखा उजेड, सारखं अंतर, मान सरळ, चेहरा निर्विकार. त्याचा एक भारतीय भागही आहे, दिल्लीत फोटो काढून केलेला. अशा फोटोंत चेहरे सोडून दुसरं काही बदलत नाही, म्हणून गुणांतला फरक बराचसा चेहऱ्यांचा असतो.

त्यालाही मर्यादा आहे. तो आकडा ‘राखाडी टी-शर्टमध्ये निर्विकार उभं असताना’चा असतो. हसल्यावर कोण किती खुलतं हे त्यात येत नाही, आणि प्रत्यक्ष भेटीत त्याचंच वजन जास्त असतं. पण निदान सगळ्यांना एकच फूटपट्टी लावलेली असते. ‘ॲपवर चढवा’ प्रकारात प्रत्येकाचा फोटो वेगळ्या फूटपट्टीवर मोजलेला असतो आणि आकडे एका यादीत टाकलेले असतात.

ॲप तर माणसांसारखं लहरी नसतं. त्याचा गुण निष्पक्ष ना?

लहरी नसतं, कारण त्याने एका गटाची लहर पाठ केलेली असते. संशोधनात फार वापरला जाणारा एक संग्रह म्हणजे SCUT-FBP5500. दक्षिण चीन तंत्रज्ञान विद्यापीठात तयार झालेला. त्यात ५५०० समोरून काढलेले चेहरे आहेत, ४००० आशियाई आणि १५०० गौरवर्णीय. ६० स्वयंसेवकांनी त्यांना एक ते पाच गुण दिले, वयं १८ ते २७. हे गुण बघून गुण द्यायला शिकलेले संगणकी प्रोग्राम, म्हणजे मॉडेलं, त्या ६० जणांच्या सरासरीशी ०.९ च्या आसपास जुळतात आणि ते जाहिरातीत ‘९० टक्के अचूक’ होऊन येतं. अचूक कशाबद्दल? त्या साठ तरुणांनी तो फोटो पाहिला असता तर काय सरासरी दिली असती, याबद्दल. त्या संग्रहात नसलेल्या वयाचा, वर्णाचा, पेहरावाचा चेहरा आला की मॉडेल अंदाजाने बाण मारतं. ‘मला ठाऊक नाही’ असं ते म्हणत नाही. ते ५.८७ म्हणतं.

२०१६ साली ‘ब्यूटी.एआय’ नावाची, संगणकांनी परीक्षण केलेली स्पर्धा झाली. शंभराहून अधिक देशांतून साधारण ६००० लोकांनी फोटो पाठवले. ४४ विजेत्यांत जवळपास सगळे गोरे, काही आशियाई, आणि सावळ्या-काळ्या वर्णाची एकच व्यक्ती. संगणकाला शिकवायला वापरलेल्या फोटोंत गडद वर्णाचे चेहरे पुरेसे नव्हते, असं आयोजकांपैकीच एकाने मान्य केलं.

तुमचं ॲप काय मोजतंय हे ताडायची सोपी युक्ती आहे. तोच फोटो जरा उजळ करून, मग थोडा कापून, मग आरशासारखा उलटवून पुन्हा चढवा. चेहरा बदललेला नाही. आकडा बदलला तर जेवढा बदलला तेवढा भाग चेहऱ्याचा नव्हताच. मग महिन्याभरात कुणीकुणी काढलेले तुमचे आठ-दहा फोटो चढवा आणि सगळ्यांत मोठा व सगळ्यांत लहान आकडा लिहून ठेवा. ‘मी ६.४’ ऐवजी ‘माझे फोटो ४.९ ते ७.३’ असं काहीतरी हाती येईल. ते जास्त खरं आहे. (आपले फोटो कुठल्या सर्व्हरवर जाऊन पडतात याचा विचार मात्र आधी करा. दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता चढवू नकाच.)

काही ॲप सोनेरी गुणोत्तर काढून गुण देतात. ते तर मोजमाप आहे?

मोजमाप आहे, पण फोटोचं. नाक, डोळे, जबडा यांची अंतरं पडद्यावर मोजून त्यांची प्रमाणं १.६१८ शी, म्हणजे सुंदर मानल्या गेलेल्या सोनेरी गुणोत्तराशी, ताडतात. कॅमेरा ३० सेंटिमीटरवरून दीड मीटरवर नेला तर हीच प्रमाणं किती बदलतात ते वर पाहिलंच. हनुवटी जराशी वर केली तरी चेहऱ्याच्या लांबीचा आकडा बदलतो. शिवाय चेहऱ्यावर रेषा मारायच्या जागा इतक्या आहेत की १.६ च्या जवळ जाणारी एखादी जोडी प्रत्येकातच सापडते.

मग हा गुण कशाच्याच कामाचा नाही?

एका कामाचा आहे. एकाच माणसाच्या दोन फोटोंत कुठला चांगला, हे त्यातून कळतं. तिथे चेहरा स्थिर असतो, आणि उरलेला फरक, उजेड, अंतर, हसू, हाच तर तुम्हाला मोजायचा असतो. गुण जे मोजतो तेच तुम्ही विचारता, म्हणून उत्तर बरोबर येतं. २०-३० अनोळखी लोकांना दोन फोटो आलटून-पालटून क्रमाने दाखवले तरी पुरतं.

दोन वेगळ्या माणसांना एकेका फोटोवरून वर-खाली लावणं हे काम मात्र त्याला झेपत नाही. अगदी टोकाचा फरक असेल तर कळतो. मधल्या गर्दीत, जिथे आपण बहुतेक सगळे असतो, तिथे सायली-तन्वीसारखं होतं.

स्थळासाठी बायोडेटाला एकच फोटो लावायचा आहे. तो मीच निवडू ना?

काढा तुम्ही, निवडू द्या दुसऱ्याला. २०१७ साली डेव्हिड व्हाइट, क्लेअर सदरलँड आणि एमी बर्टन यांनी लोकांना स्वतःच्याच १२ फोटोंतून प्रोफाइलसाठी फोटो निवडायला सांगितलं. मग अनोळखी लोकांनाही त्याच १२ मधून निवडायला लावलं. तिसऱ्याच गटाने गुण दिले तेव्हा अनोळखी लोकांनी निवडलेले फोटो जास्त छाप पाडणारे ठरले. स्वतःचा फोटो बघताना आपण केसांची बट, दाताची फट आणि त्या दिवशीचा मूड बघतो. समोरच्याला यातलं काही दिसत नाही.

आईलाही विचारू नका. तिने तो चेहरा तुमच्याहून जास्त वेळा पाहिला आहे. मैत्रिणीच्या ऑफिसातल्या, तुम्हाला कधी न भेटलेल्या चौघींना विचारा. आणि एकच का लावता? बायोडेटाच्या पीडीएफमध्ये दुसरं पान घालता येतं. एक साडीतला, एक रोजच्या कपड्यांतला, एक कुणीतरी दीड-दोन मीटरवरून नकळत टिपलेला, असे तीन लावले की बघणाऱ्याची चूक निम्म्याच्या आसपास येते.